एक डॉलर आणि अख्खी ओळ

आमच्या सोसायटीचे खजिनदार मेंटेनन्सचा तक्ता एक्सेलमध्ये ठेवतात. ज्या फ्लॅटचे पैसे मुदतीत आले नाहीत, त्याची ओळ ते हाताने लाल करत. एका सभेत तो तक्ता पडद्यावर दाखवला, तेव्हा एका कुटुंबाची ओळ लाल होती. त्यांनी पैसे चार दिवसांपूर्वीच भरले होते. भरल्याची तारीखही तक्त्यात होती. फक्त रंग काढायचा राहिला होता. घरातल्या आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर सभा संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. हाताने दिलेल्या रंगाला आकडे बदलल्याचे कळत नाही. म्हणून तो रंग आकड्यांवरूनच ठरायला हवा. एक्सेलमध्ये त्याची सोय आहे, तिचे नाव कंडिशनल फॉरमॅटिंग. गुगल शीट्समध्येही ती जवळपास तशीच आहे.

तक्ता असा धरू. पहिल्या ओळीत मथळे आहेत. A मध्ये फ्लॅट क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये रक्कम, D मध्ये मुदत, E मध्ये पैसे भरल्याची तारीख आणि F मध्ये स्थिती. फ्लॅट ४८, म्हणजे माहिती दुसऱ्या ओळीपासून एकोणपन्नासाव्या ओळीपर्यंत. F मध्ये ‘थकीत’ असे लिहिले की ती ओळ A पासून F पर्यंत रंगली पाहिजे.

त्यासाठी A2 वर क्लिक करून F49 पर्यंत ओढत तक्ता निवडावा. मथळ्यांची ओळ घेऊ नये. मग `Home` मध्ये `Conditional Formatting`, त्यात `New Rule`, आणि उघडलेल्या यादीतला शेवटचा पर्याय `Use a formula to determine which cells to format`. गुगल शीट्समध्ये `Format` खाली `Conditional formatting` उघडून `Custom formula is` निवडायचे. दोन्हीकडे चौकटीत लिहायचे ते एवढेच:

```
=$F2="थकीत"
```

नंतर फिकट लाल रंग निवडून नियम जतन करायचा. काम झाले. पण हे सूत्र नुसते उतरवून घेतले तर पुढच्या तक्त्यात ते हमखास फसते, कारण त्यातला डॉलर तिथे का आहे हे कळलेले नसते.

आपण म्हणतो ओळ रंगते, पण एक्सेलला ओळ रंगवणे ठाऊकच नाही. त्याच्या दृष्टीने आपण निवडले आहेत ६ रकाने आणि ४८ ओळी, म्हणजे २८८ सुटे सेल. यातला प्रत्येक सेल तोच नियम स्वतःच्या जागेवरून वाचतो आणि स्वतःपुरते उत्तर काढतो. आपण लिहिलेले सूत्र पहिल्या सेलचे, म्हणजे A2 चे असते. बाकीचे सेल ते आपल्या जागेनुसार सरकवून घेतात. एक ओळ खाली असलेला सेल ओळीचा आकडा एकाने वाढवतो, एक रकाना उजवीकडचा सेल अक्षर एकाने पुढे नेतो.

डॉलरचे काम हे सरकणे थांबवण्याचे. `$F` म्हणजे अक्षर हलवायचे नाही. २ च्या आधी डॉलर नाही, म्हणून ओळ मात्र सरकते. आता सतराव्या ओळीकडे पाहा. A17 विचारतो, F17 मध्ये ‘थकीत’ आहे का? B17 तेच विचारतो, C17 तेच, आणि F17 स्वतःकडेच पाहतो. सहाही सेल एकाच जागी पाहतात म्हणून सहांचे उत्तर एकच येते. सगळे एकदम रंगतात आणि आपल्याला वाटते, ओळ रंगली.

एवढे लक्षात आले की बिघाड शोधायला दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही. रंग कुठे उमटला आहे, त्यावरूनच चूक कळते.

फक्त फ्लॅट क्रमांकाचा पहिला रकाना रंगला आणि बाकी ओळ कोरी राहिली, तर डॉलर लिहायचा राहिला आहे. A17 ने F17 पाहिला, पण B17 सरकून G17 कडे गेला आणि तिथे काहीच नव्हते. याउलट अख्खा तक्ता लाल झाला किंवा काहीच रंगले नाही, तर डॉलर दोन्हीकडे पडला आहे. `$F$2` लिहिल्यावर सगळे २८८ सेल पहिल्या फ्लॅटचीच स्थिती पाहतात. एक्सेलमध्ये ही चूक फार सहज होते. नियम लिहिताना F2 वर माउसने क्लिक केले की एक्सेल स्वतःहून दोन्ही डॉलर घालते. अशा वेळी `F4` ही कळ दाबत गेले की डॉलरची जागा बदलत जाते. `$F2` दिसले की थांबायचे.

तिसरी खूण अधिक फसवी आहे. रंग अख्ख्या ओळीला येतो, पण थकबाकीदाराच्या नेमका वरच्या घराला. याचा अर्थ निवड मथळ्यासकट पहिल्या ओळीपासून केली आणि सूत्रात मात्र २ लिहिले. मग पहिली ओळ दुसरीकडे पाहते, सोळावी सतरावीकडे. पैसे भरलेल्या शेजाऱ्यावर लाल रंग येतो आणि तक्ता वरवर अगदी व्यवस्थित दिसतो. म्हणून नियम लावल्यावर निदान दोन लाल ओळींमध्ये स्थितीचा रकाना वाचून खात्री करावी. निवड वरून खालीच करावी, हेही याच कारणासाठी. एक्सेल सूत्राचा संबंध जिथून ओढायला सुरुवात केली त्या सेलशी जोडते, आणि खालून वर ओढले तर सगळे गणित उलटे पडते.

शंका असेल तर एक साधी परीक्षा आहे. हेच सूत्र रिकाम्या H2 मध्ये लिहावे आणि उजवीकडे सहा रकाने, खाली शेवटच्या ओळीपर्यंत ओढावे. प्रत्येक सेलमध्ये `TRUE` किंवा `FALSE` उमटेल. जिथे `TRUE`, तिथे रंग. नियम आतल्या आत जे करतो ते असे डोळ्यांसमोर येते. पाहून झाले की हे रकाने पुसून टाकावेत.

काहीच रंगत नसेल तर सुरुवातीचे बरोबरचे चिन्हही तपासावे. ते विसरले की एक्सेल आपले सूत्र अवतरणात घालून नुसता मजकूर समजते आणि कसलीही तक्रार करत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून सूत्र चिकटवले असेल तर अवतरणचिन्हे वळणदार झालेली असू शकतात. ती कीबोर्डवरून पुन्हा टंकावीत.

सूत्र बरोबर असूनही एखादी ओळ कोरी राहिली, तर दोष शब्दात शोधावा. इंग्रजीत ही तुलना लहान-मोठी अक्षरे सारखीच धरते, त्यामुळे तिथे थोडी सवलत मिळते. मराठीत तशी सवलत नाही. एकाने ‘थकीत’ लिहिले, दुसऱ्याने ‘थकित’. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण एक्सेलला ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी ही दोन वेगळी चिन्हे आहेत, म्हणून शब्दही दोन. स्थितीच्या रकान्यावर फिल्टर लावून यादी उघडली तर दोन्ही शब्द वेगवेगळे दिसतात. शब्दानंतर राहिलेली मोकळी जागा मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी `=LEN(F17)` लिहून पाहावे. ‘थकीत’ची लांबी ४ येते, कारण वेलांटीही मोजली जाते. उत्तर ५ आले तर शेवटी एक स्पेस चिकटली आहे.

त्यावरचा मुळातला उपाय म्हणजे स्थिती हाताने लिहायचीच नाही. ती तारखांवरून काढता येते. F2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढावे:

```
=IF(E2<>"","भरले",
 IF(D2="","",
 IF(D2<TODAY(),"थकीत","मुदतीत")))
```

पैसे भरल्याची तारीख असेल तर ‘भरले’. मुदतच लिहिलेली नसेल तर स्थिती रिकामी. मुदत आजच्या आधी संपली असेल तर ‘थकीत’, नाहीतर ‘मुदतीत’. समजा मुदत १० जून आहे. १० तारखेला ओळ कोरी राहील, कारण तो दिवस अजून मुदतीतच धरला आहे; ११ तारखेला तक्ता उघडला की ती लाल होईल. भरल्याची तारीख टाकताच रंग आपोआप जाईल. मधली अट घालायलाच हवी. एक्सेल रिकाम्या सेलला शून्य धरते आणि शून्य कुठल्याही तारखेपेक्षा लहान. ती अट नसेल तर मुदत न लिहिलेली प्रत्येक ओळ थकीत ठरेल.

इथे सर्वांत घातक चूक तारखेची. आपल्याकडे १०.०६.२०२५ असे टिंबे देऊन लिहायची सवय आहे. संगणकाची मांडणी भारतीय असेल तर एक्सेल ती सहसा तारीख मानत नाही, मजकूर मानते. आणि तुलनेत मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा ठरतो. म्हणजे ती मुदत कधीच आजच्या मागे पडत नाही. वर्ष उलटले तरी ओळ ‘मुदतीत’ राहते आणि कुणाला संशय येत नाही. खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला टेकते आणि मजकूर डाव्या, निदान त्या रकान्याची मांडणी कुणी मुद्दाम बदललेली नसेल तर. D रकान्यावरून नजर फिरवली की डावीकडे चिकटलेल्या तारखा लगेच ओळखू येतात. त्या तिरप्या रेघा देऊन पुन्हा लिहाव्यात.

तक्ता जुना होत जातो तसे आणखी एक बिघडते. ओळी इकडून तिकडे चिकटवल्या की त्यांच्याबरोबर नियमही चिकटतात आणि एका नियमाचे तुकडे होत जातात. वर्षभराने `Manage Rules` उघडले तर एकाच सूत्राच्या दहा प्रती दिसू शकतात. त्या पुसून एकच ठेवावी आणि `Applies to` मध्ये पूर्ण पट्टा पुन्हा लिहावा. यापुढे चिकटवताना फक्त मूल्ये चिकटवावीत.

रंग पाहण्यासाठी आहे, मोजण्यासाठी नाही. थकबाकीची बेरीज हवी असेल तर ती स्थितीच्या शब्दावरूनच करावी:

```
=SUMIF(F2:F49,"थकीत",C2:C49)
```

खजिनदारांनी आता स्थितीचा रकाना तारखांवर सोपवला आहे. परवा एक सभासद पावती घेऊन आले. खजिनदारांनी त्यांच्या ओळीत भरल्याची तारीख लिहिली आणि एंटर दाबले. समोर बसलेल्या माणसाच्या देखत त्याच्या नावावरचा लाल रंग गेला. रंग काढायचे लक्षात ठेवायची गरज कुणाला पडली नाही.