फाइल पाठवायच्या वेळी

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता कोल्हापुरातल्या एका डिझायनरने आपल्या कामाचं शेवटचं बटण दाबलं. काम होतं एका खानावळीच्या मेन्यू कार्डाचं. ए-थ्री आकाराचा कागद मधोमध दुमडून होणारी चार पानं, वर तांबड्या रश्श्याचा फोटो, आत थाळ्या, सुक्कं, बिर्याणी, सोलकढी आणि त्यांचे दर. रविवारी खानावळीची दुसरी शाखा सुरू व्हायची होती. प्रेसवाल्याने आठ वाजेपर्यंत फाइल मागितली होती. शनिवारी प्लेट, दुपारी छपाई, संध्याकाळी घडी आणि लॅमिनेशन असं ठरलं होतं. तिने ‘छपाईसाठी पीडीएफ’ हा पर्याय निवडला आणि पडद्यावर एक चौकट उघडली. ही सोय मोफत चाचणीत नाही, फाइल हवी असेल तर वर्गणी भरा, असं त्या चौकटीत लिहिलेलं होतं.

गोष्ट कल्पित आहे. त्यातली आकडेमोड आणि अडचण मात्र खरी आहे. घरून डिझाइनची कामं करणाऱ्या पुष्कळांची फाइल अशीच ऐन वेळी अडते.

तिने निवडलेलं साधन ब्राउझरमध्ये चालणारं होतं. चौदा दिवसांची चाचणी होती आणि कार्डाचा नंबरही मागितला नव्हता. देवनागरी फॉन्ट चांगले होते, फोटोची मागची बाजू एका क्लिकमध्ये कापली जात होती. चाचणी अपुरी आहे असं तिला आठवडाभरात एकदाही जाणवलं नाही, आणि त्याला कारण होतं. रोज संध्याकाळी ती पानांची चित्रं डाउनलोड करून खानावळीच्या मालकीणबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होती. काकू त्यांत दुरुस्त्या सांगत होत्या: मटण थाळी वीस रुपयांनी वाढव, खिम्याच्या खाली ‘फक्त बुधवार आणि रविवार’ घाल. चित्र मिळत होतं, स्वच्छ दिसत होतं, मंजुरीही त्याच चित्रावर मिळाली. म्हणजे फाइल बाहेर निघते याची तिला खात्रीच झाली होती.

चौकट दिसल्यावर तिने काकूंना फोन केला. काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता. “अगं, तू मला पाठवलंस तेच तर छापायचंय. मग अडलंय कुठं?”

फोनचा पडदा आणि छापखाना यांची भूक वेगळी असते, अडलंय ते तिथे. त्या चाचणीत चित्राची लांब बाजू १०८० ठिपक्यांपर्यंतच मिळत होती. बऱ्याच फोनच्या पडद्याची रुंदी साधारण तेवढीच असल्याने चित्र तिथे नेटकं दिसतं. पण ए-फोर पान २९७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे पावणेबारा इंच लांब असतं. १०८० ठिपके तेवढ्या लांबीवर पसरले की इंचाला जेमतेम ९२ ठिपके येतात. हातात धरून वाचायच्या छपाईसाठी चित्राला इंचाला ३०० ठिपके हवेत, असा प्रेसमधला सर्वसाधारण हिशेब आहे. त्या हिशेबाने पूर्ण पानाला २४८० गुणिले ३५०८ ठिपके लागतात. तिच्याजवळच्या चित्रात होते त्यांच्या एक दशांशाच्या आसपास.

वेळ जाऊ नये म्हणून तिने ती चित्रंच प्रेसला पाठवून दिली. दहा मिनिटांत तिथल्या डीटीपी करणाऱ्या माणसाचा फोन आला. “मॅडम, हे चालणार नाही. अक्षरं फाटतायत. ओपन फाइल द्या, नाहीतर टेक्स्ट कर्व्ह करून पीडीएफ द्या. आणि ब्लीड कुठाय?”

त्याच्या या तीन वाक्यांत छपाईच्या फाइलची जवळजवळ सगळी परीक्षा आली. अक्षरं चित्रात गोठलेली असली की ती ठिपक्यांची होतात आणि मोठी करून पाहिली तर कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. खऱ्या छपाई-पीडीएफमध्ये अक्षर म्हणजे रेषेचं वळण असतं. ते आठपट मोठं केलं तरी कड गुळगुळीतच राहते. कर्व्ह करायचं म्हणजे अक्षरांचं रूपांतर अशा वळणांत करून टाकायचं, म्हणजे प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. मराठीत हे फार महत्त्वाचं आहे. फॉन्ट बदलला किंवा जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी जमली नाही, की ‘बिर्याणी’तली पहिली वेलांटी ‘ब’च्या पुढे जाऊन बसते आणि रफार सुटून ‘र’ पाय मोडून उभा राहतो. ब्लीड म्हणजे पानाच्या चारही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जास्तीचा रंग. कटिंग मशिनचं पातं केसभर सरकलं तरी कडेला पांढरी रेघ दिसू नये, यासाठी तो लागतो. पाठवलेल्या चित्रांत यातलं काहीच नव्हतं.

अशी मर्यादा निरनिराळ्या रूपांत येते. कुठे फाइलवर पुसट शिक्का उमटतो, कुठे डाउनलोडची संख्या ठरलेली असते आणि ती ग्राहकाला नमुने पाठवण्यातच संपते, तर कुठे मुदत संपल्यावर फाइल नुसती बघता येते. तिच्या वाट्याला आलेला प्रकार ओळखायला सर्वांत अवघड आहे, कारण त्यात फाइल मिळते. फक्त ती फोनपुरतीच असते.

अडवणूक नेमकी शेवटच्या पायरीवर का ठेवलेली असते? पहिल्या दिवशी अडवलं तर माणूस दुसरं साधन शोधायला मोकळा असतो. आठवडाभराचं काम आत साठलं, ग्राहकाची मंजुरी मिळाली, प्रेसवाला वाट बघतोय, अशा वेळी तो पैसे भरण्याची शक्यता सर्वांत जास्त. साधन बनवणाऱ्यांनी पैसे मागण्यात काहीच गैर नाही. चांगले फॉन्ट, चांगलं सॉफ्टवेअर फुकट तयार होत नाही. पण छपाईची फाइल चाचणीत मिळणार नाही ही गोष्ट दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ठेवायची आणि ‘सर्व सोयी मोफत वापरून पाहा’ हे मात्र ठळक लिहायचं, ही फसवणूकच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. डिझायनरसाठी फाइल बाहेर काढणं ही जास्तीची सोय नाही. ग्राहक पैसे देतो ते त्या फाइलचेच.

पैसे भरून मोकळं व्हावं असंही तिच्या मनात आलं. चौकटीत दर महिना ७९९ रुपये लिहिले होते. पुढच्या पानावर कळलं की हा दर वर्षाची वर्गणी एकदम भरली तरच लागू होता, म्हणजे ९५८८ रुपये. या कामाचे तिला एकूण सहा हजार मिळणार होते, त्यातले तीन हजार आगाऊ. एका महिन्यापुरती वर्गणी परवडणारी असती तर ती भरून टाकणं हाच शहाणपणा होता, रात्रभराच्या मेहनतीची किंमत त्याहून जास्त असते. इथे तो मार्ग नव्हता.

तिने प्रेसकडून सकाळी दहापर्यंतची सवलत मागून घेतली आणि इंकस्केप हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर उघडलं. पुढचे काही तास काय वाचलं आणि काय गेलं, ते पाहण्यासारखं आहे. रश्श्याचा मूळ फोटो तिच्या संगणकावर पूर्ण आकारात होता. खानावळीचा लोगो वेगळ्या व्हेक्टर फाइलमध्ये होता. या दोन्ही गोष्टी वाचल्या. मजकूर युनिकोडमध्ये असल्याने त्या साधनातून कॉपी करून आणता आला. काकूंनी पाठवलेल्या मूळ यादीवरून घेतला असता तर जुने दर छापले गेले असते, कारण आठवडाभराच्या दुरुस्त्या फक्त त्या साधनात झाल्या होत्या. शीर्षकाचा फॉन्ट मात्र गेला. तो त्या साधनातच वापरण्याच्या परवान्याचा होता. त्याच्याऐवजी तिने एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा ‘मुक्त’ घेतला. तो खुल्या परवान्याचा आहे आणि छपाईलाही चालतो. फोटोची मागची बाजू पुन्हा हाताने कापावी लागली. सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला.

रंगांचा एक प्रश्न उरलाच. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, ऑफसेट मशिन निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांनी छापतं. इंकस्केपची पीडीएफ पडद्याच्या रंगांत निघते. तिचं सरळ रूपांतर केलं की काळी अक्षरं चारही शायांची मिळून बनतात आणि कागद किंचित सरकला तरी बारीक दरांभोवती रंगीत सावली दिसते. प्रेसमधल्या माणसाने त्याच्या कोरलमध्ये सगळा काळा मजकूर शंभर टक्के काळ्या शाईवर आणला. कोथिंबिरीचा हिरवा पडद्यापेक्षा थोडा मळका येणार, हे त्याने आधीच सांगितलं. चार शायांची पीडीएफ स्वतःच करायची असेल तर स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर ते काम करतं. पण ते शिकायला एक रात्र पुरत नाही.

कार्ड रविवारी सकाळी अकराला मिळालं. उद्घाटन दहाला होतं. पहिल्या तासात काकूंनी दर तोंडी सांगितले. बदललेल्या शीर्षकाची मंजुरी शनिवारी पुन्हा घ्यावी लागली, ती काकूंनी दिली, पण आधीचं अक्षर आपल्याला जास्त आवडलं होतं हेही सांगितलं.

हे सगळं पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात कळू शकलं असतं. नवं साधन हाती घेतलं की काम सुरू करण्याआधी एक कोरं पान खऱ्या मापाचं घ्या. त्यावर ‘बिर्याणी’ किंवा ‘सेंद्रिय’सारखा वेलांटीचा आणि जोडाक्षराचा शब्द लिहा, एक मोठा फोटो टाका आणि शेवटी जी फाइल द्यायची आहे नेमकी तीच काढा. मग ती पीडीएफ त्या साधनाबाहेर उघडा. आठपट मोठी करून अक्षराची कड पाहा. फाइलच्या माहितीत पानाचं माप पाहा: ब्लीडसह ए-फोर असेल तर ते २१६ गुणिले ३०३ मिलिमीटर दिसायला हवं. हे जमलं की तीच फाइल प्रेसला पाठवून ‘चालेल का’ एवढं विचारून घ्या. प्रेसवाले अशा प्रश्नाला कंटाळत नाहीत. बिघडलेल्या फाइलचा ताप त्यांनाही होतोच. पैसे भरावे लागणार असं दिसलं, तर तो खर्च कोटेशनमध्ये त्याच दिवशी धरता येतो.

ज्यांची ऐन वेळी अडवणूक झाली आहे, त्यांनी त्या चौकटीचा आणि मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि अशा तेरा प्रकारांची यादी दिली. एखादी सेवा मोफत म्हणून जाहीर करायची आणि पुढे वापरायला पैसे भरावे लागतील हे नीट सांगायचं नाही, हा प्रकार त्या यादीत आहे. मर्यादा आधीच स्पष्ट सांगितली असेल तर तक्रारीला जागा नाही. लपवली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.