जमिनीखालच्या मोहल्ल्याचा कायदा

गजबजलेल्या शहराच्या पोटात जादूचा मोहल्ला वसवायचा म्हटलं, की लेखकापुढे पहिला प्रश्न जादूचा नसतोच. उडत्या चटया, बोलके उंदीर, भिंतीतून निघणारे दरवाजे, हे सगळं कागदावर फुकट मिळतं. खरा प्रश्न असतो वरच्या माणसांचा. लाखो लोक रोज त्या जमिनीवरून चालतात, खड्डे खणतात, पाइप टाकतात, बोअर मारतात, तरी त्यांना खालचं काहीच कसं दिसत नाही? या प्रश्नाचं जे उत्तर कथा देते, त्याला मी त्या मोहल्ल्याचा कायदा म्हणतो. कायदा पक्का असला तर वाचक बाकी सगळं मान्य करतो. कच्चा असला तर तिसऱ्या प्रकरणात पुस्तक मिटतो.

सर्वांत सोपा कायदा म्हणजे मंत्राचा पडदा. 'हॅरी पॉटर'च्या 1997 साली आलेल्या पहिल्याच पुस्तकात लंडनच्या रस्त्यावर एक कळकट खानावळ आहे. एका बाजूला पुस्तकांचं दुकान, दुसऱ्या बाजूला रेकॉर्डचं. येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर एका दुकानावरून घसरते ती थेट दुसऱ्यावर जाते, मधली खानावळ कुणाला जाणवतच नाही. तिच्या मागच्या भिंतीतली नेमकी वीट ठोकली की जादूगारांची पेठ उघडते. मुलांच्या पुस्तकाला एवढं पुरतं आणि तिथे ते सुंदरही वाटतं. पण हा पडदा कुणीतरी बाहेरून टाकलेला असतो. न दिसण्यात बघणाऱ्याचा काही हात नसतो, म्हणून त्याच्याबद्दल आपल्याला काही कळतही नाही.

नील गेमनच्या 'नेव्हरव्हेअर'मधला कायदा वेगळ्या जातीचा आहे. ही कथा 1996 साली बीबीसीवर मालिका म्हणून आली आणि त्याच वर्षी कादंबरी झाली. मूळ कल्पना विनोदी नट लेनी हेन्रीची होती: लंडनमध्ये बेघर माणसांच्या टोळ्या असतील तर? गेमनला भीती वाटली, की असं सरळ लिहिलं तर रस्त्यावर झोपणं मुलांना भारी वाटेल. म्हणून त्याने त्या माणसांना जमिनीखाली नेलं. वर 'वरचं लंडन', खाली 'खालचं लंडन'. भुयारी रेल्वेच्या स्टेशनांची नावं खाली शब्दशः खरी होतात. अर्ल्स कोर्टात खरोखर एक सरदार दरबार भरवतो, तोही धावत्या गाडीच्या डब्यात. ब्लॅकफ्रायर्सला काळ्या झग्यातले साधू राहतात.

तिथला कायदा असा, की जे लोक शहराच्या फटींतून घसरले ते खालचे. वरच्यांना ते दिसतात, पण लक्षात येत नाहीत. समोर उभं राहून बोललं तर क्षणभर दखल घेतली जाते आणि पाठ वळताच विसरली जाते. नायक रिचर्ड मेह्यू साधा कारकुनी नोकरीतला मुलगा. होणाऱ्या बायकोबरोबर तो जेवायला निघालाय आणि फुटपाथवर रक्ताने माखलेली एक मुलगी पडलीय. होणारी बायको पुढे चलायला सांगते. रिचर्ड मुलीला उचलून घरी आणतो. एवढाच त्याचा गुन्हा. त्यानंतर टॅक्सी त्याच्यासाठी थांबत नाही, ऑफिसातले लोक त्याला ओळखत नाहीत, त्याचं टेबल हलवलं जातं. तो अंघोळीच्या टबात असताना घराचा दलाल नव्या भाडेकरूंना घेऊन त्याच न्हाणीघरात येतो आणि त्यांना खोली दाखवतो.

माझ्या मते या प्रकारच्या कथांमध्ये याहून चांगला प्रसंग नाही. कारण इथे कायद्याला किंमत आहे. ज्याने खालच्याला पाहिलं तो स्वतः वरच्यांना दिसेनासा होतो. त्यामुळे बाकीचे का बघत नाहीत हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडेही किमतीची ही जाण जुनी आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत एखाद्या तळ्याची किंवा डोहाची गोष्ट सांगतात. घरी लग्नकार्य असलं की आदल्या दिवशी काठावर जाऊन मागणं घालायचं, सकाळी भांडी पाण्यावर आलेली असायची. कार्य झालं की घासूनपुसून परत सोडायची. मग एका घराने एक वाटी ठेवून घेतली आणि त्या दिवसापासून भांडी येणं बंद झालं. पाण्याखालचं ते घर आज का दिसत नाही याचं उत्तर या गोष्टीत मंत्राने दिलेलं नाही, माणसाच्या वागण्याने दिलेलं आहे.

पण 'नेव्हरव्हेअर'मध्ये दिसतं तसं माणसाचं लक्ष खरंच इतकं लबाड असतं का? याला प्रयोगाचा आधार आहे आणि तो मला जादूइतकाच थरारक वाटतो. 1998 साली डॅनिएल सायमन्स आणि डॅनिएल लेव्हिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकजण नकाशा हातात घेऊन येणाऱ्याला पत्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोघे मोठा लाकडी दरवाजा घेऊन मधून जातात. त्या आडोशाला पत्ता विचारणारा बदलतो. पहिला दरवाजा उचलून निघून जातो, दुसराच माणूस तिथे उभा राहतो, उंची वेगळी, कपडे वेगळे, आवाज वेगळा. पंधरापैकी आठ जणांनी काही झालंच नाही अशा थाटात पत्ता सांगणं चालू ठेवलं.

पण खरं मर्म पुढे आहे. ज्यांच्या लक्षात बदल आला ते बहुतेक विचारणाऱ्यांच्याच वयाचे विद्यार्थी होते. मग संशोधकांनी त्याच दोघांना बांधकाम मजुराचे कपडे घातले आणि पुन्हा विद्यार्थ्यांनाच पत्ता विचारला. आता बारापैकी फक्त चौघांना बदल कळला. विद्यार्थ्यांनी माणूस पाहिलाच नव्हता, 'मजूर' पाहिला होता. एका मजुराच्या जागी दुसरा मजूर आला, तर त्यांच्या हिशेबी काहीच बदललं नव्हतं. भुयारातल्या मोहल्ल्याला यापेक्षा भक्कम कायदा मिळणार नाही.

असा मोहल्ला भनपुरीखाली वसवता येईल का, हे मी मनाशी बरेचदा मांडून पाहतो. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावर, कारखाने, गोदामं आणि ट्रकांच्या रांगांमध्ये वाढलेला हा भाग. कथेला आधी जमीन खरी लागते. गेमनला लंडनची बंद पडलेली स्टेशनं होती. डाउन स्ट्रीट स्टेशन 1932 सालीच बंद झालं आणि त्याच्या कादंबरीत ते खोल उतरण्याची वाट झालं. पुण्यावर लिहिणाऱ्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळातला कात्रजचा नळ आहे. माणूस आत उतरून चालू शकेल असं ते दगडी भुयार पेठांखालून शनिवारवाड्यापर्यंत जातं. त्याचे उच्छ्वास आणि हौद आजही वस्तीत उभे आहेत आणि लोक त्यांना वळसा घालून जातात.

रायपूरकडे असं भुयार नाही, पण चुनखडक आहे. हे शहर छत्तीसगढच्या प्राचीन चुनखडकावर बसलंय. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, खडकाच्या भेगांत शिरतं आणि हजारो वर्षांत त्यांना रुंद करतं. म्हणून इकडे बोअर मारताना कधीकधी अनुभव येतो, की कठीण खडक कापत चाललेला रॉड एकदम झपकन खाली जातो. तिथे पोकळी लागलेली असते. एका बोअरला भरपूर पाणी आणि वीस हातांवरचा दुसरा कोरडा, हेही त्याच कारणाने. पोकळी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण बोअरवाला पाण्याचा विचार करतो आणि पाणी लागलं की गाडी पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघते. मोहल्ला बसवायला ही जागा पुरेशी आहे. फार मोठ्या गुहा दाखवू नयेत, नाहीतर जाणकार वाचक हटकेल. अरुंद, ओल्या, एकमेकींना जोडलेल्या गल्ल्या, एवढंच.

आता कायदा. खालची माणसं वर येतात ती पाळी बदलायच्या वेळेला, पिवळं हेल्मेट आणि अंगावर चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घालून. फाटकातून शेकडो कामगार एकाच वेळी बाहेर पडतात आणि शेकडो आत शिरतात. त्यात दहा जण जास्त असले तर कोण मोजणार? मंत्र लागत नाही. किंमत मात्र हवी, आणि ती वरच्या माणसाने मोजायची. जो मुकादम वर्षभर एकाही कामगाराचं नाव न घेता नुसतं 'ए' म्हणून हाक मारतो, त्याचा चेहरा हळूहळू त्याच्याच घरच्यांच्या लक्षात राहीनासा होतो.

लिहायला घेतलं की या कायद्याला भोकं पडतात, आणि कुठे पडतात ते पाहणं हेच या कारागिरीतलं मुख्य काम. पहिलं भोक मुलांचं. लहान मुलं अजून वर्गवारी शिकलेली नसतात, त्यांना माणूसच दिसतो. त्यांना दिसू द्यावं, मोठे त्यांचं ऐकत नाहीत हे कायद्यातच बसतं. दुसरं भोक कॅमेऱ्याचं. कॅमेरा सगळं टिपतो, पण ते चित्रण बघणारा पुन्हा माणूसच असतो आणि तोही हेल्मेटच बघतो. तेही बसलं. तिसरं भोक हजेरीच्या अंगठा यंत्राचं. यंत्राला 'मजूर' नावाचा वर्ग ठाऊक नसतो, त्याला बोटाच्या रेषा ठाऊक असतात. इथे लेखकाला मोह होतो, की खालच्यांच्या जादूने यंत्र बिघडतं असं लिहून टाकावं. ते लिहिलं की कथा मेली. कारण मग प्रत्येक नव्या अडचणीला नवी जादू लागते, आणि वाचकाला कळतं की कायदा नव्हताच, लेखकाची सोय होती. मूळ कायद्याबाहेरचा अपवाद करावासा वाटला, की कायदा चुकलाय असं समजावं आणि मागे जाऊन तो दुरुस्त करावा.

माझी दुरुस्ती अशी: खालचे लोक कारखान्यात शिरतच नाहीत. ते फाटकाबाहेरच्या गर्दीत मिसळतात, तिथून बाजाराला जातात आणि पुढच्या पाळीच्या गर्दीतून परततात. अंगठ्याचा प्रश्नच उरत नाही.

मग पाहणारा कोण? गोष्टीत एकाने तरी पाहायलाच हवं. माझ्या मांडणीत तो फाटकासमोरचा चहावाला आहे. त्याचा धंदा उधारीवर चालतो आणि उधारी जॅकेटवर देता येत नाही. कोणाचे किती राहिले हे त्याला चेहऱ्यावरून लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर महिन्याअखेर तो बुडतो. त्यामुळे कायदा त्याच्यापुरता लागू होत नाही, आणि त्यासाठी त्याला कुठलाही वरदहस्त द्यावा लागत नाही. तो पाहतो, की एक कामगार रोज दोन चहा घेतो, रोख पैसे देतो आणि कधीच कुठल्या फाटकातून आत जात नाही. आता चहावाल्याने त्याला नाव विचारायचं की नाही, इथून माझं पहिलं प्रकरण सुरू होतं. विचारलं, तर रिचर्डसारखी त्याची टपरी उद्या गिऱ्हाइकांना दिसेनाशी होऊ शकते, आणि त्याची उधारी अजून वसूल व्हायची आहे.