दूध संकलन केंद्रातील स्निग्धांश व एसएनएफ तपासणी

दुधाच्या दरासाठी स्निग्धांश (फॅट) आणि स्निग्धेतर घनपदार्थ (एसएनएफ) या दोन घटकांचे प्रमाण मोजण्याची प्रक्रिया दूध संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ केली जाते. प्रथिने, दुग्धशर्करा व खनिजे यांचा समावेश एसएनएफमध्ये होतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर सामान्यतः ३.५ टक्के फॅट व ८.५ टक्के एसएनएफ हा आधार धरून ठरतो. ०.१ टक्क्याच्या फरकाला व्यवहारात ‘पॉईंट’ म्हणतात आणि पॉईंट घटला की दर कापला जातो.

== नमुना ==
दूध स्थिर राहिल्यास स्निग्धांश वर येतो. त्यामुळे न ढवळता वरून घेतलेल्या नमुन्यात फॅट जास्त, तर तळाच्या नमुन्यात कमी आढळते. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसर कडाक्याच्या थंडीसाठी ओळखला जातो. अशा थंडीत स्निग्धांश घट्ट होऊन कॅनच्या कडांना व झाकणाला चिकटतो आणि नमुन्यात येत नाही. नमुना सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करून हलकेच मिसळल्यास तो पुन्हा समप्रमाणात पसरतो. जोराने हलवल्यास मात्र दुधात हवा शिरते.

== फॅटची तपासणी ==
गर्बर पद्धतीत ब्युटिरोमीटर या काचेच्या नळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल घालतात. आम्लामुळे प्रथिने विरघळतात व स्निग्धांश मोकळा होतो. केंद्रापसारी यंत्रात सुमारे ५ मिनिटे फिरवून नळी ६५ अंशांच्या पाण्यात ठेवतात आणि वर जमलेला स्तंभ मोजतात. स्तंभात काळे कण दिसले तर आम्ल अतितीव्र असल्याची, पांढरट गुठळ्या दिसल्या तर ते सौम्य असल्याची शक्यता असते. अशा वेळी चाचणी पुन्हा करावी लागते.

अनेक केंद्रांवर आता ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र वापरतात. ते सुमारे एका मिनिटात दोन्ही आकडे देते. परंतु ते घटक वेगळे न करता दुधातील ध्वनीच्या वर्तनावरून त्यांचे अनुमान काढते. म्हणून नुकत्याच काढलेल्या दुधातील हवेचे बुडबुडे, नळीत साचलेला दुधाचा थर किंवा गाय व म्हैस यांसाठीची चुकीची निवड यांमुळे वाचन बिघडते. ज्ञात नमुन्याशी यंत्र वेळोवेळी जुळवून घेणे आवश्यक असते.

== एसएनएफ व तापमान ==
जेथे लॅक्टोमीटर वापरतात तेथे दुधाच्या घनतेवरून एसएनएफ काढतात. २७ अंशांवर प्रमाणित केलेल्या लॅक्टोमीटरसाठी एक प्रचलित सूत्र असे आहे:

एसएनएफ = (सीएलआर ÷ ४) + (०.२५ × फॅट) + ०.४४

सीएलआर म्हणजे तापमानानुसार दुरुस्त केलेले लॅक्टोमीटरचे वाचन. दूध गरम असल्यास विरळ होते, लॅक्टोमीटर अधिक बुडतो आणि आकडा कमी दिसतो. थंड दुधात याच्या उलट घडते.

उदाहरणार्थ, ३० अंश तापमानाच्या दुधाचे वाचन २८ व फॅट ३.५ आहे. तक्त्यानुसार सुमारे ०.८ मिळवल्यास सीएलआर २८.८ होतो आणि एसएनएफ ७.२ + ०.८७५ + ०.४४ म्हणजे सुमारे ८.५ येते. दुरुस्ती केली नाही तर तेच दूध ८.३ दाखवते. पॉईंटला ३० पैसे कपात गृहीत धरल्यास २० लिटर दुधामागे एका वेळेस १२ रुपयांचे नुकसान होते. दूध मात्र तेच असते.

नुकत्याच काढलेल्या दुधाची घनता काही तास किंचित वाढत जाते. त्यामुळे धार काढल्याबरोबर केलेली लॅक्टोमीटर चाचणी कमी आकडा देते.

== दुधातील खरा बदल ==
प्रत्येक घट यंत्राची नसते. धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट कमी व शेवटच्या दुधात सर्वाधिक असते. त्यामुळे अपुरी धार काढल्यास फॅट घटते. वैरणीचे प्रमाण कमी झाले तरीही फॅट उतरते. अपुरा आहार व कासदाह यांमुळे एसएनएफ कमी होते. ९ लिटर दुधात १ लिटर पाणी मिसळल्यास ३.५ व ८.५ हे आकडे अनुक्रमे ३.१५ व ७.६५ होतात.

== मर्यादा व पडताळणी ==
साखर, मीठ किंवा युरिया मिसळल्यास घनता वाढते. त्यामुळे लॅक्टोमीटरचे योग्य वाचन हा शुद्धतेचा पुरावा ठरत नाही. त्यासाठी स्वतंत्र भेसळ चाचण्या लागतात.

आकड्याविषयी शंका असल्यास चांगला मिसळलेला एकच नमुना दोन भागांत वाटून त्याच यंत्रावर तपासतात. दोन्ही वाचने भिन्न आली तर नमुना, हवा किंवा यंत्राची स्वच्छता यांत दोष संभवतो. दोन्ही सारखी, पण गर्बर चाचणीतील फॅटपेक्षा सातत्याने वेगळी आली तर यंत्राची जुळवणी सरकलेली असते. तिन्ही वाचने जुळली तर बदलाचे कारण दुधात व गोठ्यात शोधावे लागते.