ऑक्सिजन जास्त झाला तर

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना एक गोष्ट हमखास खटकते. रात्री व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन १०० टक्के होता, सकाळी डॉक्टरांनी तो ५० वर आणला. पेशंट अजून शुद्धीवर नाही आणि हे ऑक्सिजन कमी करतात? "सिस्टर, अहो थोडा वाढवा ना," अशी विनवणीही होते. २०२१च्या उन्हाळ्यात एकेका सिलिंडरसाठी वणवण केलेल्या माणसांना तर हा प्रकार उलट्या काळजाचा वाटावा. पण आकडा खाली आणण्यामागे सव्वाशे वर्षांपासून माहीत असलेलं एक कारण आहे.

१८९९ साली बेलफास्टला जेम्स लोरेन स्मिथ या शास्त्रज्ञाने उंदरांना जास्त ऑक्सिजनच्या हवेत ठेवून पाहिलं. ४० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन होता तेव्हा आठवडाभर त्यांना काही झालं नाही. ७०-८० टक्क्यांवर मात्र चारेक दिवसांत काही उंदीर मेले. त्यांची फुफ्फुसं उघडली तर ती सुजलेली, द्रवाने भरलेली, न्यूमोनिया झाल्यासारखी दिसत होती. जंतूंचा काही संबंध नव्हता. त्याआधी पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने फार मोठ्या दाबाखालच्या ऑक्सिजनने प्राण्यांना झटके येतात हे दाखवलं होतं, पण ते मेंदूचं दुखणं. साध्या हवेच्या दाबालाही ऑक्सिजन फुफ्फुस खराब करू शकतो, हे स्मिथने दाखवलं.

हे होतं कसं? वायुकोशाच्या आतलं अस्तर दोन प्रकारच्या पेशींचं असतं. पहिल्या प्रकारच्या पेशी कमालीच्या पातळ आणि पसरट. सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच झाकलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या गुबगुबीत, कोपऱ्यात बसलेल्या. वायुकोश मिटू न देणारं सर्फॅक्टंट नावाचं द्रव्य त्या तयार करतात. अस्तराला लागून पलीकडे केशवाहिनी. हवा आणि रक्त यांच्यातलं एकूण अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ते इतकं कमी आहे म्हणूनच ऑक्सिजन सहज रक्तात उतरतो.

पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा त्यातला थोडासा अर्धवट अवस्थेत सुटतो. त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. लोहाराने भाता जितका जोरात मारावा तितक्या ठिणग्या जास्त उडाव्यात, तसा ऑक्सिजन वाढला की हा पदार्थही वाढतो. एरवी पेशीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, या ठिणग्या जागच्या जागी विझवतात. त्यांची ताकद संपली की पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए सगळ्यालाच झळ लागते. पातळ पेशी आणि केशवाहिन्यांचं अस्तर सर्वांत आधी बळी पडतं. भिंत पाझरू लागते, रक्तातलं प्रथिनयुक्त पाणी वायुकोशात शिरतं. माकडांना शंभर टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवून केलेल्या अभ्यासात चार दिवसांत पहिल्या प्रकारच्या पेशींचं अस्तर जवळजवळ नाहीसं झालेलं आढळलं. पुढे दुसऱ्या प्रकारच्या पेशी वाढून ती जागा भरतात, पण त्या जाड. मध्ये तंतूही साचत जातात. भिंत परत उभी राहिली तरी ऑक्सिजनला ओलांडायला ती आता रुंद झालेली असते.

माणसांवरही प्रयोग झाले. १९४५ मध्ये अमेरिकेत ज्युलियस कॉम्रो आणि सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांना चोवीस तास ऑक्सिजन दिला. शंभर टक्केवाल्यांपैकी बहुतेकांना छातीच्या मधल्या हाडामागे दुखू लागलं, खोल श्वास घेताना जास्तच. पन्नास टक्केवाल्यांची तक्रार नव्हती. गंमत म्हणजे उंचावरच्या विरळ दाबात शंभर टक्के ऑक्सिजन घेणाऱ्यांनाही काही झालं नाही. म्हणजे टक्केवारीपेक्षा ऑक्सिजनचा स्वतःचा दाब महत्त्वाचा. १९६५ मध्ये जेमिनी-७चे अंतराळवीर चौदा दिवस निव्वळ ऑक्सिजनवर राहिले, कारण यानातला दाब जमिनीवरच्या सुमारे एकतृतीयांश होता. आपल्या हिशोबाने ते जेमतेम ३५ टक्के झाले.

आता अतिदक्षता विभागातली एक नेहमीची रात्र घेऊ. समजा बावन्न वर्षांचे गृहस्थ आहेत, दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया. नळी घालताना १०० टक्के ऑक्सिजन दिला जातो आणि ते बरोबरच आहे. त्या मिनिटांत ऑक्सिजन कमी पडणं हाच खरा धोका असतो. नंतर बोटावरचा ऑक्सिमीटर १०० दाखवतो. नातेवाइकांना हायसं वाटतं, डॉक्टरला नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १५० असो की ४००, ऑक्सिमीटर शंभरच दाखवणार. पुरेसा झाल्यावर जादा किती आहे हे त्याला कळत नाही. ते मनगटातल्या धमनीतून रक्त काढून एबीजी केल्यावर समजतं. समजा दाब १९० आला. गरज साधारण ६० ते ८०ची. मग ८०, ७०, ६० टक्के असा ऑक्सिजन पायरीपायरीने उतरवायचा आणि प्रत्येक वेळी सॅच्युरेशन ९२ ते ९६मध्ये राहतं का ते पाहायचं. सत्तरला घसरलं, तर लगेच पुन्हा शंभर करण्याऐवजी श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात थोडा दाब राखायचा, म्हणजे मिटलेले वायुकोश उघडे राहतात. गरज पडली तर रुग्णाला कित्येक तास पालथं झोपवायचं. पहाटे ५० टक्क्यांवर ९४ मिळालं, तर रात्र सत्कारणी लागली.

मिटलेल्या वायुकोशांचंही ऑक्सिजनशी नातं आहे. हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा जात नाही, म्हणून तो वायुकोश फुगते ठेवतो. शंभर टक्के ऑक्सिजन दिला की नायट्रोजन धुऊन जातो, आणि जिथे हवा नीट पोचत नाही तिथला ऑक्सिजन शोषला जाऊन वायुकोश चक्क बसतात.

यातली खरी अडचण निदानाची. शुद्धीतला माणूस घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो, छातीत जळजळतं असं सांगेल. व्हेंटिलेटरवर गुंगीत असलेला काय सांगणार? एक्स-रेमध्ये दोन्ही बाजू पांढुरक्या दिसतात, पण मूळ न्यूमोनियातही त्या तशाच दिसतात. ऑक्सिजनने किती बिघडवलं हे वेगळं काढणारी तपासणी नाही. अस्तर बिघडलं की सॅच्युरेशन घसरतं, म्हणून ऑक्सिजन वाढवला जातो, आणि अस्तर आणखी बिघडतं. म्हणूनच साठ टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहायचं नाही, असा दंडक पाळतात. ती काही काटेकोर सीमारेषा नव्हे. माझ्या मते ती शहाणपणाची खूणगाठ आहे. जीव वाचवायला शंभर लागत असतील तर शंभरच द्यावे लागतात.

आपल्या खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांना एक अपवाद पक्का ठाऊक हवा. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं की ते फुफ्फुसाच्या पेशींत साचतं आणि तिथल्या ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवत राहतं. अशा रुग्णाला सवयीने मास्क लावणं म्हणजे विषाला इंधन पुरवणं. सॅच्युरेशन खरोखर खाली जाईपर्यंत इथे ऑक्सिजन हात राखूनच देतात.

घरच्या पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरने मात्र घाबरून जायचं कारण नाही. नाकातल्या नळीवाटे तो फार तर ४० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन पोचवतो. सीओपीडीचे रुग्ण रोज पंधरा-पंधरा तास, वर्षानुवर्षं तो घेतात. त्यांचं पथ्य निराळं. जादा ऑक्सिजनने त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून ग्लानी येऊ शकते, म्हणून त्यांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२मध्येच ठेवतात आणि फ्लोमीटरचा गोळा डॉक्टरांनी सांगितलेल्या रेषेच्या वर नेत नाहीत.