वर्षश्राद्धाला वडिलांविषयी काय बोलावं?

वर्षश्राद्धात मुलगा वडिलांचं नाव आणि गोत्र उच्चारून पिंड देतो. सोबत आजोबा आणि पणजोबांचाही उच्चार होतो. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. हुद्दा, पदवी, बांधलेलं घर यांना त्या संकल्पात जागाच नाही. पण जेवणं आटोपून पाहुणे सतरंजीवर टेकले आणि कुणी म्हणालं, ‘अरे, दादांविषयी दोन शब्द बोल,’ की मुलगा नेमकं तेच सांगू लागतो: अमुक साली नोकरीला लागले, तमुक साली निवृत्त झाले. सगळे माना डोलावतात, आणि बोलणं तिथंच संपतं.

कारण साधं आहे. नोकरीतलं कर्तृत्व नातलगांनी बहुतेक ऐकलेलं असतं. सवयी मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. समजा, वडील एसटीत कंडक्टर होते. ‘ते फार शिस्तीचे होते’ यातून कुणालाच काही दिसत नाही. त्याऐवजी असं सांगावं: ‘निवृत्तीनंतरही दादा रोज रात्री खिसा रिकामा करायचे. नाण्यांच्या चळती लावायचे, नोटांची तोंडं एका बाजूला करायचे आणि मगच दिवा मालवायचे. सकाळी भाजीला निघालेल्या आईच्या हातावर त्यातले सुटे पैसे ठेवायचे. बसमध्ये सुट्ट्यांवरून होणारे तंटे त्यांनी जन्मभर पाहिले होते.’ इथं शिस्त हा शब्द आलाच नाही, तरी माणूस उभा राहिला. त्यांची नोकरीही आली आणि आईची काळजीही.

तयारीसाठी वडिलांचा एक साधा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत मनात चालवावा. चहा कशातून प्यायचे, पेपर कुठल्या पानापासून उघडायचे, बाहेर पडताना कडी किती वेळा तपासायचे, फोन ठेवताना काय म्हणायचे. त्यातल्या तीन-चार गोष्टी पुरेत. पाच मिनिटांच्या बोलण्यात त्याहून जास्त मावत नाहीत, आणि यादी झाली की एकही नीट दिसत नाही. आत्याला आणि काकांना आधी विचारावं. लग्नाआधीची सवय त्यांनाच ठाऊक असते, आणि कधी मुलाला पडलेलं कोडंही तिथंच सुटतं.

आईला मात्र सगळं आधी ऐकवावं. वर्ष लोटलं तरी एखादी सवय तिला चारचौघांत ऐकवत नाही. ती गोष्ट गाळावी. व्यसन, आजारपणातली परावलंबी अवस्था, भावकीतला वाद हेही त्या दिवशी नको. तापटपणा सगळ्यांना माहीत असेल तर लपवू नये. रागावल्यावर ते अबोला कसा मोडायचे, ते सांगावं. नुसत्या गुणगानात नातलगांना आपला माणूस ओळखू येत नाही.

बोलणं साधलं की नाही, हे लगेच कळतं. मुलगा थांबल्यावर कुणी तरी म्हणतं, ‘आमच्याकडे आला की तो असंच करायचा,’ आणि आपली आठवण सांगू लागतं. मग मुलानं फक्त ऐकावं आणि रात्री ते सगळं, कुणी सांगितलं त्या नावासकट, वहीत उतरवून ठेवावं. नातवंडांना आजोबा त्या वहीतून भेटतील.