मेंटेनन्स वाढला, कशामुळे आणि किती?

सोसायटीच्या फळ्यावरची नोटीस बहुधा अशी असते: ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, वाढती महागाई व अन्य अपरिहार्य कारणांमुळे देखभाल खर्चात योग्य ती वाढ करण्यात आली आहे. तरी थकबाकीसह रक्कम त्वरित भरून सहकार्य करावे.’ खाली सेक्रेटरींची सही. मग संध्याकाळी त्यांच्याच दाराची बेल वाजत राहते.

‘महागाई’ म्हटल्याने काहीच कळत नाही. कोणतं बिल वाढलं ते सांगावं. 40 फ्लॅटची सोसायटी धरू. वॉचमनचं कंत्राट महिना 56,000 वरून 68,000 रुपयांवर गेलं. वाढलेले 12,000 चाळीस जणांत वाटले की प्रत्येकी 300. लिफ्टचं वार्षिक कंत्राट 60,000 चं 84,000 झालं. ती वाढ फ्लॅटमागे महिना 50. आता नोटीस लिहायला बसावं:

‘1 जुलैपासून मेंटेनन्स दरमहा 2,400 ऐवजी 2,750 रुपये. वाढ 350 रुपये: वॉचमन 300, लिफ्ट 50. जूनमधील सर्वसाधारण सभेत मंजूर. जुलै ते सप्टेंबरचं बिल 8,250 रुपये, 31 जुलैपर्यंत भरावं. 1 ऑगस्टपासून राहिलेल्या रकमेवर सभेने ठरवलेलं वार्षिक 12 टक्के सरळव्याज लागेल. जूनपर्यंतच्या महिन्यांना ही वाढ लागू नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नये. जुन्या नोटिशीतली ‘थकबाकी’ म्हणजे आधी न भरलेले पैसे की मागच्या महिन्यांचा फरक, यावरून भांडणं होतात. जुनं येणं असेल तर ते त्या सभासदाच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवावं, फळ्यावर नव्हे.

तळमजल्यावरचे काका विचारणारच: ‘आम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, मग 50 कशाचे?’ महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांत सारखा वाटायचा, कोणी वापरो न वापरो. वॉचमनचा खर्चही फ्लॅटच्या आकारावर नसतो. हे एका ओळीत नोटिशीतच लिहिलं की काकांशी पुढे वाद घालावा लागत नाही.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा आकडा मात्र वेगळा येतो. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त 10 टक्के घेता येतं. वॉचमनचा पगार सेवाशुल्कात मोडतो, लिफ्टचं कंत्राट वेगळं. म्हणजे 10 टक्के घेणाऱ्या सोसायटीत अशा मालकाला आणखी 30 रुपये लागतील. ‘सर्वांसाठी 2,750’ असं लिहिलं तर त्याला बिल चुकलंय असंच वाटणार.

आणखी एक ओळ हवी, ती बँकेला कायमची सूचना देऊन ठेवलेल्यांसाठी. त्यांच्या खात्यातून जुने 7,200 रुपयेच जात राहतील, 1,050 कमी पडतील आणि त्यावर महिन्याला साडेदहा रुपये व्याज चढेल. ‘बँकेतली रक्कम 8,250 करून घ्यावी,’ एवढं लिहिलं की झालं.