बारा एफपीजीए बोर्ड कशासाठी? प्राचार्यांना लिहायचं एक पत्र

अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राचार्यांच्या टेबलावर निधी मागणारी पत्रं सतत येत असतात. ग्रंथालयाला पुस्तकं हवी असतात, वसतिगृहाला पाण्याची टाकी हवी असते, एखाद्या इमारतीचं छत गळत असतं. त्यांतच इलेक्ट्रॉनिक्स विभागाचं पत्र येतं: डिजिटल डिझाइनच्या प्रयोगशाळेसाठी एफपीजीए बोर्ड घ्यायचे आहेत, दोन-अडीच लाख मंजूर करावेत. प्राचार्य मेकॅनिकल किंवा सिव्हिलचे असतील तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो आणि तो रास्तही असतो. ‘हे सगळं संगणकावर सिम्युलेशन करून दाखवता येतं ना? ते सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं.’ पत्राने आधी या प्रश्नाचं उत्तर दिलं पाहिजे. ते एका साध्या प्रयोगातून देता येतं.

त्याआधी एफपीजीए म्हणजे काय ते पाहू. जुन्या प्रयोगशाळेत विद्यार्थी 7408, 7447 अशा क्रमांकांच्या आयसी ब्रेडबोर्डवर बसवतात आणि तारांनी जोडतात. 7408 या आयसीत चार ‘अँड’ गेट असतात. ती आयुष्यभर तेवढंच काम करते. एफपीजीए या चिपमध्ये मात्र हजारो छोटे तक्ते असतात. कोणत्या इनपुटला कोणतं उत्तर द्यायचं, ते प्रत्येक तक्त्यात साठवलेलं असतं. सहा इनपुटच्या तक्त्यात 64 उत्तरं मावतात. विद्यार्थी व्हेरिलॉगसारख्या भाषेत सर्किटचं वर्णन लिहितो, सॉफ्टवेअर त्यावरून हे तक्ते भरतं आणि त्यांच्यामधल्या जोडण्या ठरवतं. सोमवारी त्याच चिपचा काउंटर होतो आणि मंगळवारी वाहतुकीच्या सिग्नलचा नियंत्रक. झायलिंक्स कंपनीने 1985मध्ये आणलेल्या पहिल्या एफपीजीएत असे 64 लॉजिक ब्लॉक होते. आज शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बेसिस-3 या बोर्डावरच्या चिपमध्ये 20,800 तक्ते आहेत.

आता तो प्रयोग. बटण दाबलं की आकडा एकने वाढायला हवा आणि तो 16 एलईडींवर द्विमान पद्धतीत दिसायला हवा. विद्यार्थी दहा-बारा ओळी लिहितो: घड्याळाचा ठोका पडला आणि बटण दाबलेलं असलं, की आकड्यात एक मिळव. सिम्युलेटरला बटण कधी दाबलं जाणार हेही विद्यार्थ्यालाच सांगावं लागतं. तो एका ठोक्यापुरतं बटण ‘चालू’ करतो. पडद्यावर आकडा शून्यावरून एकवर जातो. उत्तर बरोबर आलं म्हणून प्रयोग वहीत उतरतो.

हीच रचना बोर्डावर चढवली की वेगळंच घडतं. बोर्डाचं घड्याळ 100 मेगाहर्ट्झचं असतं, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोके. माणसाचं बोट बटणावर सेकंदाचा पाचवा भाग टेकलं, तरी तेवढ्यात दोन कोटी ठोके पडतात आणि आकडा दोन कोटी वेळा वाढतो. बोट टेकलेलं असताना खालच्या क्रमांकांचे एलईडी इतक्या वेगाने लुकलुकतात की ते मंद पेटल्यासारखे दिसतात. बोट उचललं की कोणतातरी भलताच आकडा उरतो.

विद्यार्थी विचार करतो आणि रचना सुधारतो: बटण ‘बंद’वरून ‘चालू’ झालं त्याच क्षणी एक मिळवायचा, नंतर नाही. सिम्युलेटर पुन्हा ‘बरोबर’ म्हणतो. बोर्डावर आता आकडा बहुतेक वेळा एकने वाढतो, पण मध्येच तीनने, पाचने उडी मारतो. कारण बटणातली धातूची पट्टी दाबल्यावर लगेच स्थिर होत नाही. ती काही मिलिसेकंद उसळत राहते आणि संपर्क जुळतो, तुटतो, पुन्हा जुळतो. आपल्याला एकदा दाबल्यासारखं वाटतं, पण चिपला ते अनेकदा दाबल्यासारखं दिसतं.

यावरचा उपाय असा. बटणाची नवी स्थिती ठरावीक काळ सलग टिकली तरच ती खरी मानायची. 20 बिटांचा एक मोजणीदार ठेवला तर तो 10,48,576 ठोके मोजतो. 100 मेगाहर्ट्झला हा काळ सुमारे साडेदहा मिलिसेकंदांचा होतो. मध्ये एकदाही संपर्क तुटला तर मोजणी शून्यापासून सुरू करायची. शिवाय बोट आणि घड्याळ यांचा काही ताळमेळ नसल्याने बटणाचा संकेत आधी दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्यायचा, म्हणजे ठोक्याच्या नेमक्या क्षणी बदललेला संकेत पुढच्या सर्किटला गोंधळात टाकण्याची शक्यता फारच कमी होते. एवढं केल्यावर आकडा एका दाबाला एकनेच वाढतो.

सिम्युलेटरमध्येही उसळणारं बटण दाखवता येतं. पण बटण उसळतं हे ज्याला आधीच माहीत आहे, तोच ते तिथे लिहितो. विद्यार्थ्याने जे गृहीत धरलं त्याचीच परीक्षा सिम्युलेटर घेतो. बोर्ड त्या गृहीतकाचीच परीक्षा घेतो. प्राचार्यांच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे आणि ते पत्राच्या पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. शक्य असेल तर एखादा बोर्ड उसना आणून हे तीन टप्पे प्राचार्यांच्या केबिनमध्ये दाखवावेत. बटण त्यांनाच दाबू द्यावं.

आता प्रत्यक्ष पत्राचा नमुना. यातल्या किमती हिशेब समजावा म्हणून धरल्या आहेत. प्रत्यक्षात तिथे हाती आलेल्या कोटेशनचे आकडे येतील.

प्रति,
मा. प्राचार्य
(विभागप्रमुखांमार्फत)

विषय: डिजिटल डिझाइन प्रयोगशाळेसाठी 12 एफपीजीए बोर्ड खरेदी करण्यास निधी मिळणेबाबत.

महोदय,

द्वितीय वर्षाचे 66 विद्यार्थी 22च्या तीन तुकड्यांत डिजिटल डिझाइनचे प्रात्यक्षिक करतात. सध्या ते व्हेरिलॉगची रचना फक्त सिम्युलेशनवर तपासतात. बटणाची उसळी, पिनांची जोडणी आणि घड्याळाचा वेग यांतून येणाऱ्या चुका त्यांना दिसतच नाहीत. यासोबत काउंटरच्या एकाच रचनेचे सिम्युलेशनवरील आणि बोर्डावरील निकाल जोडले आहेत.

दोन विद्यार्थ्यांना एक याप्रमाणे एका तुकडीस 11 बोर्ड लागतात. तुकड्या वेगवेगळ्या दिवशी येत असल्याने तेच बोर्ड तिन्ही तुकड्यांना पुरतील. एक बोर्ड राखीव धरून एकूण 12 बोर्डांची मागणी आहे.

प्रति बोर्ड 16,000 रुपयांप्रमाणे 1,92,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 34,560 रुपये, तसेच केबल, पेट्या आणि व्होल्टेज बदलणारे मॉड्यूल यांसाठी करांसह 13,440 रुपये, असा एकूण खर्च 2,40,000 रुपये आहे. पाच वर्षांत 330 विद्यार्थी हे बोर्ड वापरतील असे धरल्यास प्रति विद्यार्थी खर्च सुमारे 727 रुपये येतो. लागणारे सॉफ्टवेअर विनामूल्य आवृत्तीत उपलब्ध आहे. नवीन संगणकांची मागणी नाही.

पूर्ण निधी यंदा शक्य नसल्यास पहिल्या टप्प्यात सहा बोर्ड मंजूर करावेत. त्या स्थितीत तुकडीचे दोन गट करून एका गटास सिम्युलेशन व दुसऱ्यास बोर्ड, असे आलटून पालटून प्रात्यक्षिक घेता येईल.

बोर्डांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये केली जाईल. वर्षाअखेर वापराचा अहवाल सादर करू.

आपला विश्वासू,
(विषय शिक्षक)

पत्र एवढंच असावं. पण त्यातल्या काही ओळींमागे बराच विचार आहे.

पहिली गोष्ट बोर्डाच्या निवडीची. ‘याहून स्वस्त मिळतो ना?’ असं खरेदी समितीत कोणीतरी विचारतंच. मिळतो. टँग नॅनो 9के हा बोर्ड फार कमी किमतीत येतो आणि त्याच्या चिपमध्ये 8,640 तक्ते आहेत. द्वितीय वर्षाच्या प्रयोगांना ते सहज पुरतात. पण त्यावर सहा एलईडी आणि दोनच बटणं आहेत. स्विचेस आणि अंक दाखवणारा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले बाहेरून जोडावे लागतात. बेसिस-3वर 16 स्विचेस, 16 एलईडी, पाच बटणं आणि चार अंकांचा डिस्प्ले असतो. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात पहिला पाऊण तास तारा जोडण्यात गेला, तर रचनेतली चूक शोधायला वेळ उरत नाही. चौथ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मात्र स्वस्त बोर्ड उत्तम, कारण तिथे जोडणी हाही शिकण्याचा भाग असतो. मागणीपत्रकात ब्रँडचं नाव लिहिण्याऐवजी किमान गुणधर्म लिहावेत: किती तक्ते, किती स्विचेस, किती एलईडी, डिस्प्ले कसा. त्यामुळे कोटेशनची तुलना करता येते आणि आक्षेपही येत नाही.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. पत्रातली तेरा हजारांची किरकोळ वाटणारी ओळ यासाठीच आहे. जुन्या ट्रेनर किटवरच्या आयसी पाच व्होल्टवर चालतात, तर या बोर्डाच्या पिना 3.3 व्होल्टच्या असतात. विद्यार्थ्याने सवयीने जुन्या किटवरची तार थेट बोर्डाच्या पिनेत खुपसली, तर ती पिन निकामी होऊ शकते, कधी अख्खी चिपच जाते. लक्षणं अशी दिसतात: एकच पिन कोणत्याही रचनेला दाद देत नाही, चिप हाताला गरम लागते किंवा संगणकाला बोर्ड ओळखूच येत नाही. म्हणून मधे व्होल्टेज बदलणारं मॉड्यूल हवं आणि एक बोर्ड राखीव हवा. तो राखीव बोर्ड दुसऱ्या कामीही येतो. एखाद्या जोडीची रचना चालली नाही, तर तीच रचना चांगल्या बोर्डावर चढवून दोष रचनेत आहे की बोर्डात, हे दोन मिनिटांत ठरवता येतं.

तिसरी गोष्ट संगणकांची. ‘नवीन संगणकांची मागणी नाही’ हे वाक्य तपासल्याशिवाय लिहू नये. बेसिस-3साठी लागणारं व्हिवाडो हे सॉफ्टवेअर डिस्कवर अनेक गिगाबाइट जागा घेतं आणि कमी मेमरीच्या संगणकावर रखडतं. लहानशी रचनाही बोर्डावर चढवण्याजोगी व्हायला काही मिनिटं लागतात. जुन्या संगणकावर हा वेळ वाढला, तर विद्यार्थ्याला तासात एक-दोनच प्रयत्न करता येतात. म्हणून पत्र लिहिण्याआधी प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या संगणकावर ते बसवावं, काउंटरची रचना त्यातून पूर्ण काढावी आणि लागलेला वेळ टिपून ठेवावा. बोर्ड आले पण संगणक चालेनात, अशी वेळ आली तर पुढच्या पत्रावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

शेवटची गोष्ट वापराच्या अहवालाची. महागडी उपकरणं हरवतील, मोडतील या भीतीने कपाटात कुलूपबंद होतात आणि तपासणीच्या दिवशीच बाहेर येतात. पत्रात अहवालाचं वचन दिलं की शिक्षकाला ते कपाट उघडावंच लागतं. अहवालात तीन गोष्टी पुरेत: प्रत्येक बोर्ड किती प्रात्यक्षिकांत वापरला गेला, कोणता का बिघडला, आणि सिम्युलेशनवर बरोबर ठरलेल्या किती रचना बोर्डावर पहिल्या प्रयत्नात चुकल्या. तिसरा आकडा विद्यार्थ्यांनी लपवू नये म्हणून चुकलेल्या रचनेला गुण कापू नयेत, तिचं कारण शोधल्याबद्दल गुण द्यावेत. हा आकडा मोठा निघाला तर बोर्ड का हवे होते ते वेगळं सांगावं लागत नाही. सहाच बोर्ड मंजूर झाले असतील, तर उरलेल्या सहांच्या मागणीपत्राला हाच अहवाल जोडावा.